निरोप समारंभात सत्काराला उत्तर: तीन मिनिटांचे आभार कसे तयार करावेत

निवृत्त होणाऱ्या माणसाच्या उत्तरात एकच घोटाळा पुन्हा पुन्हा होतो. आभार मानायला उभा राहिलेला माणूस नोकरीचा इतिहास सांगू लागतो. रुजू झाल्याची तारीख, पहिले साहेब, पहिली बदली, मग दुसरी बदली. दहा मिनिटे होतात तरी गाडी पेडण्याहून फोंड्यापर्यंतच आलेली असते. मग वेळ संपत आल्याचे लक्षात येते, घाईघाईने नावांची यादी सुरू होते, यादीत कोणीतरी राहतेच, आणि शेवटी गळा भरून आल्यामुळे मुख्य आभार अर्धवट राहतात. ज्याने खरी मदत केली तो माणूस मागच्या रांगेत बसून हे सगळे ऐकत असतो, पण त्याच्या वाट्याला एक वाक्यही येत नाही.

हा लेख फक्त त्या उत्तरापुरता आहे. कार्यक्रम कसा आखावा, भेट काय द्यावी, इतरांनी काय बोलावे, हे इथे नाही. गोव्यातल्या सरकारी कार्यालयातला नेहमीचा निरोप समारंभ डोळ्यांसमोर ठेवला आहे: चार-पाच सहकाऱ्यांची भाषणे, साहेबांचे दोन शब्द, शाल-श्रीफळ, सत्कारमूर्तीचे उत्तर, आभारप्रदर्शन आणि चहा. बँकेत, शाळेत किंवा कारखान्यातही क्रम जवळपास हाच असतो.

उत्तराची मर्यादा तीन मिनिटे धरा. तुमची पाळी येईपर्यंत लोकांनी अर्धा-पाऊण तास ऐकलेले असते, आणि तेही सगळे तुमच्याचबद्दल. तुमच्या नोकरीची माहिती त्यांना मिळालेली असते. जी तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही, तेवढीच द्यायची उरते: कोणाच्या कोणत्या कामाचा तुम्हाला उपयोग झाला.

## टप्पा १: आठवडाभर आधी कार्यक्रमाची माहिती घ्या

कार्यक्रम आस्थापना विभाग पाहत असेल किंवा एखादा उत्साही सहकारी, त्याला चार गोष्टी विचारा. संकोच करू नका, त्यालाही यामुळे सोपे जाते.

पहिली गोष्ट, दिवस. गोवा सरकारच्या सेवेत ज्या महिन्यात वयाची ६० वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती असते. एक तारखेचा जन्म असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. पण तो दिवस शनिवार, रविवार किंवा सुटीचा आला तर समारंभ त्याआधीच्या कामाच्या दिवशी होतो. असे झाले तर "आज माझा शेवटचा दिवस" हे वाक्य कागदावर लिहिलेले असूनही खोटे ठरते. तारीख पक्की करूनच मसुद्याला हात घाला.

दुसरी, तुमच्याबरोबर त्याच दिवशी आणखी कोणी निवृत्त होत आहे का. महिनाअखेरीस दोघे-तिघे एकत्र निवृत्त होणे काही नवीन नाही. तसे असेल तर तीन मिनिटांची दोन करा आणि दुसऱ्याशी आधी बोलून घ्या. दोघांनी एकाच माणसाचे एकाच कामासाठी आभार मानले तर दुसऱ्याचे आभार उसने वाटतात.

तिसरी, साहेब शेवटपर्यंत थांबणार आहेत का. बैठकीला जायचे असेल तर ते मध्येच उठतात आणि सूत्रसंचालक ऐनवेळी क्रम बदलून तुम्हाला आधी बोलावतो. तुमचे उत्तर इतरांच्या भाषणांवर अवलंबून असेल, म्हणजे "आत्ता सगळ्यांनी सांगितले तसे" अशी सुरुवात असेल, तर ते तिथेच फसते.

चौथी, आभारप्रदर्शन कोण करणार. ते काम वेगळ्या माणसाकडे असते आणि त्यात हॉल, माइक, चहा, सूत्रसंचालन या सगळ्यांचे आभार येतात. ते तुमचे काम नाही. हे आधी ठरले की तुमच्या कागदावरच्या चार-पाच ओळी आपोआप कमी होतात.

तपासा: आभारप्रदर्शन कोणीच करणार नाही असे कळले, तरच शेवटी आयोजकांसाठी एक वाक्य वाढवा. एकच.

## टप्पा २: माणसे नव्हे, कामे निवडा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. बहुतेक लोक मसुद्याला बसले की आधी नावे लिहितात आणि मग प्रत्येक नावापुढे गुण शोधतात. त्यातून "मनमिळाऊ", "कष्टाळू", "सदैव हसतमुख" असे शब्द येतात. हे शब्द कोणालाही लावता येतात, म्हणून ते कोणालाच लागत नाहीत. गुण सांगायला लागले की आवाजही चढतो आणि भाषण भावुक होते. काम सांगितले की आवाज आपोआप जमिनीवर राहतो.

म्हणून उलटे करा. कोऱ्या कागदावर फक्त प्रसंग लिहा, नाव शेवटी. स्वतःला हे प्रश्न विचारा: मी रजेवर असताना माझे टेबल कोणी सांभाळले? विधानसभा अधिवेशनात एलएक्यूची, म्हणजे आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांची, उत्तरे एका दिवसात द्यायची होती तेव्हा जुनी फाइल कोणी काढून दिली? निवडणुकीच्या कामाला मला पाठवले तेव्हा माझ्या मागे काय झाले? लेखापरीक्षणाच्या वेळी? पावसात? नवीन संगणक प्रणाली आली तेव्हा मला कोणी बसून शिकवले? जुन्या डायऱ्या, रजेचे अर्ज, आवक-जावक नोंदवही चाळलीत तर विसरलेले प्रसंग आठवतात. दोन-तीन दिवसांत दहा-बारा तरी जमतील.

आता त्यांना तीन चाळण्या लावा.

पहिली: त्या माणसाने नेमके काय केले हे एका वाक्यात, क्रियापदासह सांगता येते का? "त्यांनी खूप सांभाळून घेतले" हे चालत नाही. "त्यांनी तीन दिवस माझ्या फायली निकाली काढल्या" हे चालते.

दुसरी: ते जाहीर सांगण्यासारखे आहे का? ही चाळणी लोक विसरतात. "मी उशिरा यायचो तेव्हा यांनी हजेरीपटावर सांभाळून घेतले" हे तुम्हाला प्रेमाने सांगावेसे वाटेल, पण साहेबांसमोर ते त्या सहकाऱ्याविरुद्धची तक्रार होते. तुमची नोकरी संपली आहे, त्याची नाही. तसेच आजारपणातली, पैशाची किंवा घरच्या अडचणीतली मदत. ती देणाऱ्याला आवडेलच असे नाही. अशा मदतीचे आभार समारंभाच्या आदल्या दिवशी त्याच्या टेबलापाशी जाऊन माना. तिथे दोन वाक्ये पुरतात.

तिसरी: निवडलेली सगळी माणसे एकाच पायरीवरची नाहीत ना? तिन्ही प्रसंग साहेबांचे असतील तर ती खुशामत वाटते, जातानासुद्धा. तिन्ही हाताखालच्या लोकांचे असतील तर साहेबांना डावलल्यासारखे दिसते. बरोबरीचा एक, वयाने किंवा हुद्द्याने लहान एक, आणि तिसरा कुठलाही, हे प्रमाण जमते. कंत्राटी कर्मचारी, शिपाई, ड्रायव्हर, वॉचमन यांच्यापैकी कोणाचे काम तुमच्या कागदावर आलेच नसेल, तर पुन्हा एकदा आठवून पाहा. रोजचे काम बहुधा त्यांच्यामुळेच चाललेले असते.

शेवटी तीन प्रसंग ठेवा. चौथा घेतला की ऐकणाऱ्याच्या मनात मोजणी सुरू होते आणि आपले नाव येणार का, याकडे लक्ष जाते. तिनावर थांबलात तर ही उदाहरणे आहेत हे सगळ्यांना कळते आणि कोणी दुखावत नाही. उरलेल्यांसाठी विभागांची नावे घेणारे एक वाक्य लिहा.

सावधान: निवडलेल्या प्रसंगातला माणूस त्या दिवशी हजर असणार का, हे पाहून घ्या. तो रजेवर किंवा दौऱ्यावर असेल तरी प्रसंग ठेवा, पण त्याला आधी फोन करा. आपले आभार मानल्याचे दुसऱ्याकडून कळणे बरे नव्हे.

## टप्पा ३: क्रम लावा

उत्तराचा क्रम असा ठेवा:

1. संबोधन, एक ओळ.
2. सत्काराचा स्वीकार, एक किंवा दोन वाक्ये.
3. नोकरीचा उल्लेख, एकच वाक्य.
4. तीन कामे, प्रत्येकी चार ते सात वाक्ये.
5. उरलेल्या सगळ्यांसाठी एक-दोन वाक्ये.
6. कामाची सोपवणूक, तीन-चार वाक्ये.
7. आभाराचा शेवटचा शब्द.

संबोधनात हुद्द्यांची उतरंड वाचत बसू नका. "व्यासपीठावर उपस्थित आदरणीय" अशी सुरुवात झाली की पहिले अर्धे मिनिट तिथेच जाते. साहेबांचा हुद्दा, मग "सगळे सहकारी" आणि बाहेरून कोणी जुने सहकारी आले असतील तर त्यांचा उल्लेख, एवढे पुरे.

सोपवणुकीचा भाग लोकांना विचित्र वाटतो, पण माझ्या मते उत्तराचा तोच सगळ्यात भक्कम आधार आहे. फायली कोणाकडे दिल्या, चाव्या कुठे आहेत, काही अडले तर कधी फोन करावा, हे सांगताना कोणाचाही गळा भरून येत नाही. शिवाय मागे राहणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग असतो. शेवटाकडे आवाज डळमळण्याची शक्यता जास्त, म्हणून हा भाग मुद्दाम शेवटाजवळ ठेवायचा.

### भाषा कोणती

आपल्या कार्यालयांत एकाच टेबलाभोवती मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजी चालते. उत्तरात मात्र या चारही भाषांची कसरत करू नका. ज्या भाषेत तुम्ही त्या लोकांशी रोज काम केले तीत बोला. मराठीत बोलणार असाल तर सासष्टीतल्या सहकाऱ्याला किंवा बाहेरच्या राज्यातून आलेल्या अधिकाऱ्याला कळेल इतकी सोपी ठेवा. "कृतज्ञतेची भावना व्यक्त करण्यास शब्द अपुरे" यापेक्षा "आभारी आहे" हे सगळ्यांना कळते. शेवट "देव बरें करूं" या शब्दांनी केलात तर गोव्यात तो प्रत्येकापर्यंत पोचतो.

एकेरी की आदरार्थी, हा प्रश्न येतोच. ज्या मुलाला रोज "अरे" म्हणता त्याला माइकवर अचानक "आपण" म्हटले तर नाटकी वाटते. पण साहेबांना "त्यांनी" आणि त्याला "त्याने" म्हटले तर हुद्द्याची दरी उघडी पडते. यावर सोपा मार्ग असा की तिघांबद्दलही तृतीयपुरुषी आदरार्थी बोला: "फर्नांडिस बाबनी", "नाईक मॅडमनी", "संतोषनी". नाव रोजचेच राहते आणि मानही सारखा मिळतो.

## टप्पा ४: मसुदा लिहा आणि तासा

एक उदाहरण पूर्ण घेऊ. मामलेदार कार्यालयातले अव्वल कारकून निवृत्त होत आहेत. नावे उदाहरणापुरती आहेत.

त्यांच्या पहिल्या मसुद्यातला परिच्छेद असा होता: "फर्नांडिस बाब हे अत्यंत प्रामाणिक व सेवाभावी व्यक्तिमत्त्व असून त्यांनी मला वेळोवेळी अनमोल सहकार्य केले. त्यांचे ऋण मी कधीही फेडू शकणार नाही." यात फर्नांडिस बाबनी काय केले हे कुठेच नाही. विचारले तेव्हा कळले की एका शनिवारी पावसाचे पाणी रेकॉर्ड रूममध्ये शिरले आणि त्यांनी नोंदवह्या वाचवल्या. एवढी ठोस गोष्ट हाताशी असताना "अनमोल सहकार्य" लिहिले गेले होते. प्रसंग लिहिला आणि सगळी विशेषणे गेली. "ऋण" आणि "फेडणे" हेही काढले, कारण त्या वाक्यानंतर बोलणाऱ्याला पुढचे वाक्य उच्चारणे कठीण जात होते.

तयार झालेले उत्तर असे:

> मामलेदार साहेब, सगळे सहकारी आणि आज मुद्दाम आलेली जुनी मंडळी, नमस्कार.
>
> सत्कार केलात, चार चांगले शब्द बोललात, त्याचा स्वीकार करतो. माझ्याबद्दल बोलून झाले आहे, आता मी तुमच्याबद्दल बोलतो.
>
> या कार्यालयात मी अकरा वर्षे काम केले. त्यातल्या तीन कामांचे आभार मला इथे सगळ्यांसमोर मानायचे आहेत.
>
> एका जुलैत रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून पाणी आत आले. तो शनिवार होता. फर्नांडिस बाब जवळच राहतात. त्यांनी वॉचमनला सोबत घेऊन खालच्या दोन फळ्यांवरच्या नोंदवह्या वर चढवल्या, आणि मग मला फोन केला. सोमवारी मी आलो तेव्हा फरशी ओली होती आणि वह्या कोरड्या होत्या. फर्नांडिस बाब, आभारी आहे.
>
> दुसरे काम नाईक मॅडमचे. अधिवेशन चालू होते, तीन एलएक्यूंची माहिती एकाच दिवशी मागितली होती आणि मी रजेवर होतो. मॅडमनी ती माहिती माझ्या फायलींतून काढून वेळेत पाठवली. मी परत आलो तेव्हा उत्तरांच्या प्रती टेबलावर होत्या आणि कोणता आकडा कोणत्या फाइलीतून घेतला याची चिठ्ठी सोबत होती. ती पद्धत मी त्यांच्याकडून उचलली आणि आजपर्यंत वापरली. मॅडम, आभारी आहे.
>
> तिसरे काम रोजचे आहे. उताऱ्यासाठी येणाऱ्याकडे बऱ्याचदा सर्व्हे नंबर चुकीचा असतो. आपले संतोष त्याला परत पाठवत नाहीत. गावाचे नाव आणि शेजारच्यांची नावे विचारून बरोबर नंबर शोधून देतात. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नाही. त्यामुळे माझ्या टेबलापर्यंत येणारी भांडणे कमी झाली. संतोष, आभारी आहे.
>
> टपाल, लेखा, तलाठी, ड्रायव्हर आणि शिपाई मंडळी, तुमच्या प्रत्येकाच्या हातातून माझा कागद रोज गेला आणि पुढे पोचला. तुमचेही आभार.
>
> चालू फायली मी नाईक मॅडमकडे दिल्या आहेत. यादी प्रत्येक गठ्ठ्याच्या वर लावली आहे. लोखंडी कपाटाच्या दोन्ही चाव्या हेड क्लार्ककडे आहेत. काही सापडले नाही तर फोन करा, माझा नंबर तोच राहील.
>
> देव बरें करूं.

साधारण अडीचशे शब्द आहेत. माइकवर संथपणे, थांबत बोलताना मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द होतात, म्हणजे हे तीन मिनिटांत बसते. मध्ये कोणी टाळ्या वाजवल्या तरी साडेतीनच्या पुढे जात नाही.

"आभारी आहे" तीनदा आले आहे, तेही त्याच शब्दांत. ते मुद्दाम तसेच ठेवा. प्रत्येक वेळी वेगळा शब्द शोधायला गेलात तर एकाला "आभार", दुसऱ्याला "मनःपूर्वक आभार" आणि तिसऱ्याला "ऋणी" अशी वाटणी होते, आणि लोक ती मोजतात. प्रसंग सांगताना तृतीयपुरुषी आणि आभाराच्या क्षणी थेट नाव घेऊन त्याच्याकडे पाहायचे, हेही पाळा.

### मसुद्यातून काय काढायचे

"काही चुकले असेल तर माफ करा" हे वाक्य जवळपास प्रत्येक उत्तरात असते. खरोखर कोणाशी वाद झाला असेल तर हे वाक्य त्याला अपुरे पडते, आणि झाला नसेल तर ते निरर्थक आहे. वाद असेल तर त्या माणसाला आदल्या दिवशी एकट्याने भेटा. कागदावरून वाक्य काढा.

रखडलेली बढती, थकबाकी, पेन्शनचे कागद, बदलीत झालेला अन्याय, यांतले काहीही नको. सूचक वाक्यसुद्धा नको. हॉलमधल्या बहुतेकांना ते सोडवता येत नाही आणि ज्याला येते तो सगळ्यांसमोर काहीच कबूल करणार नाही. पेन्शनची फाइल कुठे आहे हे लेखा विभागात जाऊन विचारा, लेखी विचारा.

नव्या पिढीला उपदेश नको. "आमच्या वेळी" या शब्दांनी सुरू होणारे प्रत्येक वाक्य खोडा.

कुटुंबाबद्दल थोडा विचार करून ठरवा. बायको, नवरा किंवा मुले समारंभाला आली असतील तर लोकांना वाटते की त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. माझे मत वेगळे आहे. हे उत्तर सहकाऱ्यांना आहे. घरच्यांचा विषय निघाला की डोळ्यांत पाणी येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि मग सहकाऱ्यांचे आभार मागे पडतात. हवेच असेल तर स्वीकाराच्या जागी "घरची मंडळीही आज आली आहेत" एवढे म्हणा. लोक टाळ्या वाजवतात, ते पुरते.

तपासा: कागदावरचे प्रत्येक विशेषण एकदा झाकून वाक्य वाचा. अर्थ तोच राहिला तर विशेषण काढा. "ओली" आणि "कोरड्या" झाकले तर प्रसंगच कळत नाही, म्हणून ते राहतात.

## टप्पा ५: मोठ्याने वाचा, मग कागद तयार करा

मनात वाचलेला मसुदा नेहमी छोटा वाटतो. उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून वाचा. निदान तीनदा, वेगवेगळ्या दिवशी. जिथे आवाज कापतो तिथे पेन्सिलीने खूण करा. पुढच्या वेळीही तिथेच कापला तर ते वाक्य दोन छोट्या वाक्यांत तोडा किंवा त्यातला भावनेचा शब्द काढून वस्तू किंवा काम ठेवा. बहुतेक वेळा एखादा शब्दच अडत असतो: "माझे", "शेवटचे", "कुटुंब", "आई". तो काढला की वाक्य सुटते.

पाठ करू नका. पाठ केलेले उत्तर एका शब्दाला अडले की पुढचे सगळे जाते. फक्त तीन नावे, तीन प्रसंगांचे पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य पक्के ठेवा.

कागद एकच, उत्तर एका बाजूला लिहिलेले. अक्षर नेहमीपेक्षा दुप्पट मोठे आणि दोन ओळींत मोकळी जागा. एका पानात बसत नसेल तर जाड कागदाची दोन पाने करा आणि वर ठळक आकडे घाला. पातळ कागद पंख्याखाली फडफडतो आणि हाताची थरथर मोठी करून दाखवतो. मोबाइलवरून वाचण्याचा मोह टाळा. त्याच वेळी शुभेच्छांचे फोन येत असतात आणि स्क्रीन मध्येच बंद पडते.

## टप्पा ६: प्रत्यक्ष उभे राहताना

गडबड होते ती हातांची. शाल खांद्यावर, नारळ एका हातात, पुष्पगुच्छ दुसऱ्या हातात, गळ्यात हार, आणि सूत्रसंचालक माइक पुढे करतो. कागद खिशात आणि चष्मा टेबलावरच्या बॅगेत. असे होऊ नये म्हणून हा क्रम पाळा.

सत्कार झाल्याबरोबर हार काढून ठेवा. माइकपुढे तो घासला की करकर ऐकू येते. नारळ, गुच्छ आणि भेटवस्तू शेजारच्या टेबलावर ठेवा, त्यासाठी एका सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा. शाल घसरत असेल तर घडी करून हातावर घ्या. त्यात अपमान काही नाही. कागद शर्टाच्या वरच्या खिशात किंवा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, आणि वाचायचा चष्मा त्याच्याबरोबरच. मग उभे राहा, कागद उघडा, चष्मा लावा, आणि मगच माइक घ्या. यात दहा सेकंद शांतता पडते. ती पडू द्या.

माइक तोंडापासून चार बोटे लांब धरा. वीज गेली तर माइक परत येण्याची वाट पाहू नका. दोन पावले पुढे या आणि हळूहळू, वाक्यामागून वाक्य असे बोला. कार्यालयाच्या खोलीत तीस-चाळीस माणसांना माइकशिवाय ऐकू जाते.

सावधान: आधीच्या वक्त्याने तुमच्याबद्दल चुकीची माहिती दिली, गमतीने टोमणा मारला किंवा तुम्हीच सांगणार होता तो प्रसंग सांगून टाकला, तरी उत्तर बदलू नका. प्रसंग पुन्हा आला तर "आत्ता सांगितले गेले तेच मलाही सांगायचे होते" म्हणा आणि त्यातले तुम्हाला माहीत असलेले एक तपशिलाचे वाक्य जोडा. चुकीची माहिती चहाच्या वेळी दुरुस्त होते.

## टप्पा ७: मध्येच अडलात तर

गळा भरून आला तर बोलत राहू नका. थांबा, कागदाकडे पाहा, पाण्याचा एक घोट घ्या. पाणी हाताशी असेल हे आधी पाहून ठेवा. माफी मागू नका आणि "मला बोलवत नाही" असेही म्हणू नका, कारण त्या वाक्यानंतर खरेच बोलवत नाही. पुन्हा सुरुवात करताना अर्धवट वाक्य पुरे करण्याऐवजी पुढच्या प्रसंगाचे पहिले वाक्य वाचा. ते तथ्याचे वाक्य असते, त्यावर आवाज स्थिरावतो.

तरीही जमले नाही तर सरळ सोपवणुकीच्या परिच्छेदावर या. राहिलेल्या माणसाचे नाव घ्या, "आभारी आहे" म्हणा आणि "देव बरें करूं" म्हणून बसा. नाव गाळून मात्र बसू नका. प्रसंग नंतर सांगता येतो, नाव त्या खोलीत त्या वेळीच घ्यावे लागते.

आयत्या वेळी वेळ कमी केला, "दोनच मिनिटे" असे कोणी कानात सांगितले, तर दोन प्रसंग कापू नका. तिन्ही ठेवा आणि प्रत्येकाचे एकच वाक्य म्हणा: "पाण्यातून वह्या वाचवल्याबद्दल फर्नांडिस बाब, एलएक्यू वेळेत पाठवल्याबद्दल नाईक मॅडम, काउंटरवर लोकांना नंबर शोधून दिल्याबद्दल संतोष, आभारी आहे." म्हणूनच कागदाच्या मागच्या बाजूला हे एक वाक्य लिहून ठेवावे.

## टप्पा ८: बसल्यानंतर

कार्यक्रम चालू असताना काउंटरवर, टपालावर किंवा फोनवर कोणीतरी बसलेले असते. कार्यालय बंद झालेले नसते. टप्पा १ मध्ये आयोजकाशी बोलताना हे कोण असणार तेही विचारून ठेवा. चहा सुरू झाला की स्वतः त्यांच्याकडे जा आणि उभ्या उभ्या आभार माना. त्यांना भाषणाची प्रत देऊ नका, त्यांचे एक काम सांगा. तो माणूस तीन प्रसंगांपैकी एकातला असेल, तर हॉलमध्ये जे वाचले ते परिच्छेदभर त्याच्यासमोर पुन्हा बोला.

कागद कोणी मागितला तर द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी तिघांची परवानगी घ्या, कारण रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरल्याची गोष्ट कार्यालयाबाहेर जावी असे साहेबांना वाटेलच असे नाही. त्याच संध्याकाळी ग्रुपवर लांबलचक आभार पुन्हा लिहू नका. ज्यांनी स्वतंत्र संदेश पाठवले त्यांना स्वतंत्र उत्तर द्या, दोन ओळींचे. चाव्यांची आणि फायलींची यादी मात्र त्या दिवशीच सही घेऊन द्या, आणि एक प्रत घरी न्या.